चेंडू ज्याच्या पायात, सामना त्याचा?

८ जुलै २०१४, बेलो होरिझोंटे. फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याचा आकडेवारीचा तक्ता पाहिला तर यजमान ब्राझीलची बाजू वरचढ दिसते. चेंडूवर ताबा ब्राझीलचा साधारण ५२ टक्के, जर्मनीचा ४८. गोलसाठी मारलेले फटके ब्राझीलचे १८, जर्मनीचे १४. निकाल मात्र जर्मनी ७, ब्राझील १.

या कोड्याची उकल गोलांच्या वेळांमध्ये आहे. अकराव्या मिनिटाला पहिला गोल झाला आणि एकोणतिसाव्या मिनिटापर्यंत जर्मनीने पाच गोल केले होते. त्यानंतर उरलेला तासभर जर्मनीला चेंडूमागे धावण्याची गरजच नव्हती. ब्राझीलला मात्र गोल हवेच होते, म्हणून तो चेंडू घेऊन पुढे पुढे जात राहिला. तक्त्यातले आकडे बरेचसे या तासाभराचे आहेत. म्हणजे ताब्यामुळे निकाल ठरला नाही, निकालामुळे ताबा ठरला. बाणाची दिशाच उलटी आहे, आणि सामना संपल्यावर छापलेल्या एका टक्केवारीतून ती दिशा कधीच कळत नाही.

तरीही समालोचक म्हणतात, ताबा ठेवणारे संघ जिंकतात. संपूर्ण हंगामाची गुणतालिका पाहिली तर ते खोटंही नाही. तालिकेत वर असलेल्या संघांचा सरासरी ताबा बहुधा जास्त असतो. दोन गोष्टी अशा बरोबरीने वाढतात किंवा घटतात, तेव्हा त्यांच्यात सहसंबंध आहे असं म्हणतात. पण एकीमुळे दुसरी घडते का, हा कार्यकारणभावाचा प्रश्न वेगळा. इथे दोन्हींच्या मागे एक तिसरी गोष्ट उभी आहे, ती म्हणजे संघाचा दर्जा. महागड्या, कुशल खेळाडूंच्या पायातून चेंडू सहजी सुटत नाही आणि तेच खेळाडू गोलही जास्त करतात.

ही तिसरी गोष्ट केवढी फसवणूक करू शकते, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. दोन संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. बलाढ्य संघाने ३० सामन्यांत जास्त ताबा ठेवला आणि त्यांतले १८ जिंकले, म्हणजे ६० टक्के. उरलेल्या ८ सामन्यांत त्याचा ताबा कमी होता, त्यांतले ६ जिंकले, म्हणजे ७५ टक्के. दुबळ्या संघाचा ताबा ८ सामन्यांत जास्त होता, पण विजय एकच. कमी ताब्याच्या ३० सामन्यांत मात्र त्याने ६ विजय मिळवले. साडेबारा टक्क्यांच्या जागी वीस.

दोन्ही संघ कमी ताबा असतानाच जास्त वेळा जिंकले. आता दोघांचे सामने एकत्र करा. जास्त ताब्याचे ३८ सामने, विजय १९, म्हणजे ५० टक्के. कमी ताब्याचेही ३८, विजय १२, म्हणजे जेमतेम ३२ टक्के. बेरीज करताच निष्कर्ष उलटा झाला! कारण जास्त ताब्याच्या ढिगात बहुतेक सामने बलाढ्य संघाचेच पडले. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ मध्ये या घोटाळ्यावर लिहिलं, म्हणून त्याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. मला तो आकडेशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा इशारा वाटतो, कारण यात एकही आकडा चुकीचा नाही.

मग पडताळायचं कसं? एक म्हणजे संघाची तुलना दुसऱ्या संघाशी न करता त्याच्या स्वतःच्याच इतर सामन्यांशी करायची. दुसरं, गुणफलक बरोबरीत असतानाच्याच मिनिटांचा ताबा मोजायचा, म्हणजे आघाडीवरच्या संघाने मुद्दाम सोडलेला चेंडू हिशेबात येत नाही. लाल कार्डानंतरची मिनिटंही वगळावीत, कारण दहा खेळाडू उरलेला संघ आपसूक मागे सरकतो.

एवढं करूनही पूर्ण उत्तर मिळत नाही. १ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत स्पेनने यजमान रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले आणि ताबा सुमारे ७५ टक्के ठेवला. स्पेनची आघाडी बाराव्या मिनिटापासून एकेचाळिसाव्यापर्यंतच टिकली. पुढे जादा वेळ संपेपर्यंत गुणफलक १-१ असाच होता, म्हणजे वरची चाळणी लावली तरी स्पेनचा ताबा अफाटच दिसतो. पण रशियाने पाच बचावपटू गोलजवळ उभे करून मधलं मैदान स्पेनला मोकळं दिलं होतं. पास वाढले ते तिथे, गोलपासून दूर. पेनल्टींमध्ये रशियाचा गोलरक्षक अकिनफेव्हने दोन फटके अडवले आणि स्पेन ३-४ असा बाहेर पडला. ती टक्केवारी स्पेनच्या नावावर नोंदली गेली असली तरी ती ठरवण्यात रशियाच्या डावपेचांचा वाटाही तितकाच होता.