लिफ्टचे तपशीलपत्रक ठरवताना : सोळा मजली इमारतीचा हिशेब

लिफ्टची चौकशी करणारे विकासक आणि सोसायट्या बहुधा पहिल्यांदा वेग विचारतात. आमच्या मते आधी विचारायला हवे ते हे, की सकाळी गर्दीच्या पाच मिनिटांत किती माणसे वाहून न्यायची आहेत.

तळमजल्यावर पार्किंग, वर सोळा मजले आणि प्रत्येक मजल्यावर चार सदनिका अशी इमारत घेऊ. घरटी पाच माणसे धरली तर लोकसंख्या ३२० होते. निवासी इमारतीत त्यांपैकी साडेसात टक्के, म्हणजे २४ माणसे, पाच मिनिटांत हलली पाहिजेत, असा सर्वसाधारण निकष आहे.

आठ माणसांच्या लिफ्टची क्षमता, माणशी ६८ किलो धरून, ५४४ किलो असते. पण ती ८० टक्केच भरते असे मानायचे, म्हणून एका फेरीत सरासरी ६.४ माणसे येतात. वेग सेकंदाला १.५ मीटर असेल, तर वाटेतले पाच-सहा थांबे धरून तळमजल्यापासून तळमजल्यापर्यंतची फेरी सुमारे १३० सेकंदांची होते. दोन लिफ्ट असल्यास दर ६५ सेकंदांनी एक लिफ्ट खाली मिळते आणि पाच मिनिटांत साधारण २९ माणसे जातात. निकष पुरा होतो.

वेग १.७५ केला, तर फेरीत जेमतेम आठ सेकंद वाचतात. उलट दरवाजा प्रत्येक थांब्यावर एक सेकंद जास्त उघडा राहिला, तर सहा सेकंद जातात. म्हणूनच वेगासाठी जादा पैसे मोजण्याआधी दरवाज्याचा प्रकार आणि त्याच्या उघडझापीची वेळ तपशीलपत्रकात लिहून घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. दोनपैकी एक लिफ्ट तेरा माणसांची, खोल केबिनची घ्यावी. ती गर्दीसाठी नव्हे, तर आडवे स्ट्रेचर आत मावावे म्हणून.

एक लिफ्ट बंद पडली, की हीच क्षमता पाच मिनिटांत पंधरा माणसांवर, म्हणजे निकषाच्या खाली येते. त्यामुळे देखभालीचा करार हा तपशीलपत्रकाचाच भाग समजावा. सर्वसमावेशक करारात दोर, कंट्रोलरची कार्डे आणि दरवाज्याची मोटर येते की नाही, हे नाव घेऊन लिहिलेले असावे. साध्या करारात सुटे भाग सोसायटीच्या खर्चाने बसतात. माणूस अडकल्यास किती मिनिटांत तंत्रज्ञ पोहोचेल आणि नियमित तपासणी कोणत्या दिवशी होईल, याचाही आकडा करारात हवा.

सोसायटीकडेही काही जबाबदाऱ्या राहतात. लिफ्टखालचा खड्डा कोरडा ठेवणे, मशीन रूमला कुलूप लावणे, महाराष्ट्रात लिफ्ट निरीक्षकाचा परवाना चालू ठेवणे आणि वीज गेल्यावर केबिन मजल्यावर आणणाऱ्या यंत्रणेची बॅटरी वेळेवर बदलणे या त्यांतल्या मुख्य. केबिन मजल्याच्या पातळीवर न थांबता वर-खाली राहू लागली, तर ब्रेक किंवा दोर तपासण्याची वेळ झाली असे समजून लगेच कळवावे. दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलू न देणारे दरवाज्याचे इंटरलॉक, लिफ्ट चालू राहावी म्हणून कोणीही, आमच्या माणसानेसुद्धा, बायपास करू नये. तसे आढळल्यास लिफ्ट तत्काळ बंद करून आम्हाला कळवावे.