वेव्ह, झोन, बॅच: गोदामातल्या पिकिंगची जुनी भानगड

पिकिंगचा, म्हणजे ऑर्डरचा माल रॅकवरून उचलण्याचा, विषय निघाला की ही तीन नावं एकाच ओळीत येतात आणि मग कोणीतरी विचारतंच, यातलं कुठलं चांगलं? पण तिघांची कामं वेगळी आहेत हो. झोन म्हणजे कोण कुठे उचलणार, बॅच म्हणजे एका फेरीत किती ऑर्डरी उचलायच्या, आणि वेव्ह म्हणजे कुठल्या ऑर्डरी किती वाजता उचलायला सोडायच्या. तिन्ही एकत्रही चालतात, आणि गंमत म्हणजे यातले दोन तर ऑनलाइन खरेदीच्या नव्वदेक वर्षं आधीचे आहेत.

अमेरिकेतल्या शिकागोमधे सिअर्स रोबक नावाची कंपनी कॅटलॉग छापून पोस्टाने माल विकायची. शेतकरी कागदावर लिहून पाठवणार, एक खोगीर, दोन बनियन, एक कंदील. आता हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत, त्यामुळे ऑर्डरचा कागद इथून तिथे फिरत बसायचा आणि अर्धा माल मधेच हरवायचा. १९०६ साली त्यांनी तिथे मोठी नवी इमारत उघडली आणि कामकाज बघणाऱ्या ओटो डोअरिंगने एक वेळापत्रक बसवलं. ऑर्डर फोडून प्रत्येक खात्याला फक्त त्याच्यापुरती चिठ्ठी जायची, आणि त्या ऑर्डरला १५ मिनिटांचा एक खण ठरलेला असायचा, त्या १५ मिनिटांत सगळ्या खात्यांनी आपापला माल पट्ट्यांवरून, घसरगुंड्यांवरून जुळवणीच्या खोलीत टाकायचा. खोगीर वेळेत आलं नाही तर बाकीचा माल निघून जायचा, आणि मागे राहिलेलं खोगीर वेगळं पाठवायचा खर्च त्या खात्याच्या माथी!

म्हणजे खाती हे झोन झाले आणि १५ मिनिटांचा खण ही वेव्ह झाली, नावं नंतर पडली एवढंच. आणि हे चाललं कारण एका ऑर्डरमधे बरेच आयटम होते, ते जुळवावेच लागायचे.

पुढे सुपरमार्केटच्या साखळ्या वाढल्या तेव्हा वेव्ह आणखी पक्की झाली. तिथे ऑर्डर म्हणजे एका दुकानाची अख्खी यादी, शेकडो खोकी, आणि ट्रक ठरलेल्या वेळी सुटणार. ४ वाजताच्या ट्रकचा माल २ वाजता सोडायचा, ६ च्या ट्रकचा ४ ला, सरळ हिशोब.

बॅचची अडचण वेगळी होती. दहा जणांचा माल एकाच ट्रॉलीत उचलला तर चालणं वाचतं, पण नंतर कोणाचं काय ते ओळखायचं कसं? डोळ्याने वेगळं करायला गेलात तर निळा शर्ट एम आणि निळा शर्ट एल हमखास अदलाबदल होणार. ट्रॉलीला कप्पे करून लोक करायचेच, पण कप्पे किती करणार. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंगगमच्या पाकिटावर दुकानातला पहिला बारकोड स्कॅन झाला. नंतर बारकोड आणि हातातले स्कॅनर गोदामात आले तेव्हाच हजारो वेगवेगळ्या वस्तूंची बॅच बिनधास्त करता येऊ लागली, कारण स्कॅन केलं की मशीन सांगतं हा आयटम अमुक कप्प्यात टाका.

आता ई-कॉमर्स. अमेझॉनकडेही सुरुवातीला वेव्हच होती, ऑर्डरींचा एक मोठा गट सोडायचा, सगळा माल एका सॉर्टरवर यायचा आणि ऑर्डरनुसार खाली घसरगुंडीत पडायचा. एखाद्या ऑर्डरचा दुसरा आयटम रॅकवर सापडलाच नाही तर ती घसरगुंडी अडून बसायची, आणि अशा काही अडल्या की पुढची वेव्ह सोडता येत नाही. १९९९ मधे जेफ विल्की कारखान्याच्या जगातून, म्हणजे अलाइडसिग्नलमधून तिथे आला, आणि पुढच्या काही वर्षांत वेव्ह मोडून काम सतत वाहतं ठेवण्याकडे गाडी वळली. त्यात २००५ मधे प्राइम आलं, वर्षाला ७९ डॉलर भरा आणि दोन दिवसांत फुकट पोच, मग लोक कशाला चार वस्तू साठवून मागवतील, आठवली की एकेक मागवणार. आपल्याकडेही फोनवर बोट ठेवलं की ऑर्डर, आणि त्यात बहुतेक एकच कुर्ता नाहीतर एकच चार्जर.

हीच मेख आहे. एका आयटमच्या ऑर्डरला जुळवायचं काही नसतंच, म्हणजे सिअर्सने जो प्रश्न सोडवला तो प्रश्नच उरत नाही. मग खर्च राहतो चालण्याचा.

भिवंडीतला एखादा मध्यम गाळा डोळ्यासमोर धरा, आकडे मी हिशोबापुरते घेतलेत. दिवसाला ६०० ऑर्डरी, त्यातल्या ४२० एका आयटमच्या आणि १८० मधे मिळून ४५० आयटम, एकूण ८७०. एकेक ऑर्डर घेऊन फिरलात आणि फेरीला २०० मीटर धरले तर १२० किलोमीटर, सेकंदाला एक मीटर या वेगाने नुसतं चालण्यात तेहेतीस तास! २० ऑर्डरींची बॅच केली तर फेरी लांबते, ५०० मीटर धरू, पण फेऱ्या तीसच, म्हणजे १५ किलोमीटर, चार-सव्वाचार तास. उचलायला आयटममागे १० सेकंद दोन्हीकडे सारखेच, साधारण अडीच तास. बॅचला वर काय लागतं, तर पुट वॉलवर, म्हणजे प्रत्येक ऑर्डरला एक कप्पा असलेल्या मांडणीवर, वेगळं करणं, आणि ते सुद्धा फक्त ४५० आयटमचं, ६ सेकंद धरले तर पाऊण तास. म्हणून सिंगल आणि मल्टीच्या बॅच वेगवेगळ्या करा, सिंगल थेट पॅकिंग टेबलावर, तिथे आयटम स्कॅन केला की तो आयटम मागणाऱ्या कुठल्याही एका ऑर्डरचं लेबल निघतं. मी बघितलेल्या एका गोदामात दोन्ही एकाच ट्रॉलीत यायचे, एकट्या चार्जरला सुद्धा पुट वॉलची वारी घडायची.

झोनचा त्रास असा की खपाचा माल एकाच कोपऱ्यात ठेवला तर तिथला पोरगा घामाघूम आणि शेवटच्या झोनवाला मोबाइल बघत बसलेला. यावर बार्थोल्डी आणि आइझेनस्टाइन या दोन संशोधकांनी १९९० च्या दशकात सोपा उपाय मांडला, झोनच्या रेषाच पुसा, शेवटचा माणूस मोकळा झाला की मागे चालत जाऊन आधीच्याकडून काम घेईल, तो त्याच्या आधीच्याकडून, आणि सगळ्यात हळू माणूस सुरुवातीला उभा करा. काम आपोआप वाटलं जातं. पण हे एका रांगेतल्या रॅकवर, मोठ्या पसरलेल्या गाळ्यात नाही. आणि ऑर्डरमधे सरासरी दीडच आयटम असतील तर बहुतेक टोट, म्हणजे माल गोळा करायच्या पेट्या, बहुतेक झोनमधून काही न घेताच पुढे सरकणार, त्यामुळे इतक्या लहान गोदामाला मी झोन करायला सांगणार नाही. गोदाम इतकं मोठं झालं की बॅच करूनही फेरी किलोमीटरभर व्हायला लागली की मग झोन, आणि झोनच्या आत बॅच.

वेव्ह मात्र पूर्ण सोडता येत नाही कारण कुरियरची गाडी ५ ला येते ती येतेच. वेव्ह दुखतेय हे ओळखायचं तर पॅकिंगवाल्यांकडे बघा, वेव्हच्या सुरुवातीला रिकामे, मधे टोटांचा डोंगर, शेवटी परत रिकामे आणि कोणीतरी ‘एक आयटम मिळत नाही’ म्हणून ओरडतंय. तेव्हा दिवसभर छोट्या बॅच सोडत राहायच्या, ज्यांची गाडी जवळ आलीय त्या ऑर्डरी आधी, न सापडलेला आयटम दहाएक मिनिटांत बाजूच्या कप्प्यात टाकून पुट वॉल मोकळी करायची, आणि खरी वेव्ह फक्त शेवटच्या गाडीआधीच्या तासाभरासाठी ठेवायची. सिअर्सवाल्यांनी मागे राहिलेल्या खोगिराचं केलं होतं तेच.