तोच चट्टा, तीच जागा

समजा, एक चाळिशीतले गृहस्थ आहेत. लग्नाच्या जेवणानंतर जुलाब लागले, मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, पोट थांबलं. आठवडाभराने उजव्या अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा लालसर चट्टा उठला. कोळी मुतला असेल, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. चट्टा विरला, पण जागा करडी-काळी राहिली.

आठ महिन्यांनी पुन्हा पोट बिघडलं. रात्री नऊला तशीच गोळी घेतली आणि बाराच्या सुमारास अंगठ्याला खाज सुटली, मग आग होऊ लागली. सकाळी पाहतात तर त्याच काळ्या डागावर जांभळट, किंचित सुजलेला गोल. तिसऱ्या वेळी तो गोल तर आलाच, शिवाय खालच्या ओठाच्या कडेला आणखी एक उठला.

याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. फिक्स्ड म्हणजे जागा ठरलेली. 1894 मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ ब्रॉक यांनी अँटिपायरिन या तापावरच्या औषधाने उठणाऱ्या अशा चट्ट्यांना हे नाव दिलं. ते औषध आता मागे पडलं. आज संशय आधी जातो तो को-ट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, जुलाबावरच्या जोडगोळ्यांतली सिप्रोफ्लॉक्सासिन, टिनिडाझोल, ऑर्निडाझोल ही औषधं आणि आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेनसारख्या वेदनाशामकांवर. क्वचित साधं पॅरासिटामॉलही निघतं.

औषध तर रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. मग चट्टा अंगठ्यावरच का? कारण औषधाची ओळख त्या जागेच्या कातडीत साठलेली असते. पहिला चट्टा बरा झाला तरी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींपैकी काही परत जात नाहीत. टी-पेशींची ही एक जात त्वचेच्या वरच्या थरात, अगदी तळाच्या रांगेत ठाण मांडते. महिनोन्‌महिने ती गप्प असते. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की तिला बाहेरून कुमक मागवावी लागत नाही. ती जागच्या जागी शेजारच्या त्वचापेशी मारायला लागते. म्हणून पहिल्या वेळी आठवडा-दोन आठवडे लागतात आणि पुढच्या वेळी अर्ध्या तासापासून आठेक तासांत काम होतं.

काळा रंगही याच मारामारीतला. तळाच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं मेलॅनिन खालच्या थरात सांडतं, तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि पोटात घेऊन बसतात. रंग इतका खोल गेल्यावर वरून लावलेलं क्रीम त्याला फारसं पोचत नाही. स्टेरॉइडचं मलम ताज्या चट्ट्याची आग शमवतं. डाग मात्र महिनोन्‌महिने टिकतो, आणि सावळ्या कातडीवर तो अधिकच उठून दिसतो.

फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. चट्टा नुकताच उठून गेला की ती जागा काही आठवडे थकल्यासारखी गप्प राहते. या काळात तीच गोळी घेतली तरी कधीकधी काहीच होत नाही. मग पेशंट छातीठोकपणे सांगतो, "डॉक्टर, ही गोळी तर मी परवाच घेतली, तेव्हा कुठे आला चट्टा?" आणि खरा गुन्हेगार सुटतो. त्यामुळे आठवणीपेक्षा तारखा महत्त्वाच्या: कुठली गोळी किती वाजता घेतली आणि खाज किती वाजता सुटली.

आपल्या गृहस्थांची गोळी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची. दोघांपैकी कोण? त्वचारोगतज्ज्ञ चट्टा शमल्यावर, गप्प राहण्याचा काळ टळू देऊन, दोन्ही औषधं वेगवेगळी व्हॅसलिनमध्ये कालवून पट्टीने जुन्या डागावर लावतात, आणि तुलनेसाठी पाठीच्या कोऱ्या कातडीवरही. पाठ शांत आणि डाग लाल, तर औषध सापडलं. डागही शांत राहिला तर औषध निर्दोष ठरतंच असं नाही. तेव्हा पोटातून अगदी थोडी मात्रा देऊन पाहतात, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी हा प्रयोग करू नये, कारण दर वेळी चट्ट्यांची संख्या वाढू शकते. अंगभर चट्टे उठून त्यांवर फोड आले, कातडी सुटू लागली किंवा ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

हा चट्टा पुरुषांच्या जननेंद्रियावरही वारंवार उठतो. तिथे तो नागीण किंवा गुप्तरोग समजला जातो, त्यावर पुन्हा अँटिबायोटिक दिलं जातं आणि घरात नको ती भांडणं होतात. अशा वेळी आधल्या दिवशी कुठली गोळी घेतली होती, हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो.

या गृहस्थांच्या बाबतीत डाग लाल झाला तो ऑर्निडाझोलने. त्यांच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते. तिच्यावर गोळीचं कंपनीचं नाव नाही, कारण तेच औषध दहा नावांनी मिळतं. आहे ते मूळ औषधाचं नाव, आणि खाली मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल ही त्याची भावंडं, कारण एकाचं वावडं असलं तर दुसऱ्याचंही असू शकतं. दाढ सुजली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोलच लिहिलं होतं. चिठ्ठी पाहून त्यांनी ते खोडलं.