हात मिळवला, पण पैसे आले का? पिच शोमधल्या ‘डील’ची पार्श्वभूमी

स्टार्टअपच्या पिच शोमध्ये, म्हणजे फाउंडर गुंतवणूकदारांपुढे आपला धंदा मांडून पैसे मागतो त्या कार्यक्रमात, एक क्षण हमखास येतो. बोली वाढत जाते, फाउंडर क्षणभर थांबतो, मग ‘डील’ म्हणतो आणि गुंतवणूकदार खुर्चीतून उठून त्याच्याशी हात मिळवतो. दुसऱ्या दिवशी बातम्यांत छापून येतं की अमुक ब्रँडला इतक्या टक्क्यांसाठी इतके पैसे ‘मिळाले’. प्रत्यक्षात त्या घडीला एक रुपयाही हललेला नसतो. हात मिळवणं आणि खात्यात पैसे जमा होणं यांत हे अंतर कसं पडलं, ते समजून घ्यायचं तर या शोचा प्रवास पाहावा लागतो.

हा साचा मूळचा जपानी. २००१ साली निप्पॉन टीव्हीवर ‘मनी टायगर्स’ नावाच्या अर्थाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००४ पर्यंत चालला. समोर यशस्वी उद्योजकांचं पॅनेल आणि त्यांच्यापुढे टेबलावर खऱ्या नोटांच्या गड्ड्या. उमेदवाराने आल्याआल्याच आपल्याला किती पैसे हवेत ते सांगायचं. सगळ्यांनी मिळून तेवढी रक्कम भरली तर ती त्याची, थोडी जरी कमी पडली तरी हाती काहीच नाही. आजही या शोमध्ये जो ताण जाणवतो, त्याचं मूळ या ‘सगळं किंवा काहीच नाही’ नियमात आहे.

४ जानेवारी २००५ रोजी बीबीसी टूवर हाच साचा ‘ड्रॅगन्स डेन’ या नावाने आला. गड्ड्या होत्याच, मागितलेल्यापेक्षा कमी घेऊन जाता येणार नाही हा नियमही होता. मात्र इथे चर्चेचं केंद्र झाली इक्विटी, म्हणजे पैशांच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा. माझ्या मते सगळा फरक इथेच पडला. नोटांची गड्डी उचलून देता येते, हिस्सा तसा देता येत नाही. त्यासाठी कंपनीचे कागद तपासावे लागतात, किंमत ठरवावी लागते, शेअर द्यावे लागतात. म्हणजे इक्विटी आल्यापासून कॅमेऱ्यासमोरचं ‘हो’ ही फक्त सुरुवात उरली. २००९ मध्ये अमेरिकेत एबीसीवर ‘शार्क टँक’ सुरू झाला आणि २० डिसेंबर २०२१ रोजी सोनीवर त्याची भारतीय आवृत्ती आली. तोवर हा प्रकार पक्का झाला होता: शूटिंगच्या दिवशी तोंडी होकार, मग ड्यू डिलिजन्स म्हणजे कंपनीच्या कागदांची पडताळणी, त्यानंतर करार आणि शेवटी पैसे.

प्रेक्षकाच्या नजरेआड राहतं ते यातलं वेळापत्रक. एक पिच तासभर किंवा त्याहून जास्त चालते, आपल्याला दिसतात त्यातली दहा-बारा मिनिटं. शूटिंग आणि प्रसारण यांत काही महिने जातात आणि पडताळणी त्याच काळात सुरू असते. विक्रीचे आकडे बँकेच्या स्टेटमेंटशी आणि जीएसटी रिटर्नशी जुळतात का, ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर आहे की फाउंडरच्या, जुन्या गुंतवणूकदाराला आधीच काही हक्क दिले आहेत का, हे सगळं तपासलं जातं. यात एक जरी गोष्ट अडली तरी डील मोडते किंवा बदलते. पण तोवर एपिसोड तयार झालेला असतो आणि तो तसाच दाखवला जातो. यात खोटेपणा नाही. त्या दिवशी जे ठरलं तेच दाखवलं आहे. चूक होते ती त्या दिवसाच्या ठरावाला झालेला व्यवहार समजण्यात.

अशा किती डील टिकतात याचा सर्वांत जास्त उल्लेख होणारा अंदाज ‘फोर्ब्स’ने २०१६ मध्ये दिला होता. अमेरिकी शोच्या पहिल्या सात सीझनमध्ये ज्यांना डील मिळाली त्यांपैकी २३७ व्यवसायांशी बोलून त्यांनी हिशेब मांडला. सुमारे ४३ टक्के डील शोनंतर झाल्याच नाहीत आणि आणखी साधारण ३० टक्क्यांत अटी बदलल्या. टीव्हीवर ठरलं तसंच्या तसं घडलेल्या डील एक चतुर्थांशच्या आसपास उरल्या. त्या शोमधले गुंतवणूकदार मार्क क्यूबन यांनी अग्निशमनाच्या पाइपांची जोडणी बनवणारी हाय-कॉन ही कंपनी साडेबारा लाख डॉलरला पूर्णच विकत घेण्याचं पडद्यावर मान्य केलं होतं. तो व्यवहारही पुढे पूर्ण झाला नाही.

फाउंडरांनाच विचारायची वेळ का आली? कारण अमेरिकेत खासगी कंपनीच्या भागधारकांची यादी सरकारी दप्तरात उघड नसते. काही प्रकारची गुंतवणूक घेतल्यावर तिथल्या शेअर बाजार नियामकाकडे, म्हणजे एसईसीकडे, Form D भरावा लागतो, पण त्यात गुंतवणूकदारांची नावं येत नाहीत. ब्रिटनमध्ये उलट स्थिती आहे. कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कंपनीज हाउसचं दप्तर कुणालाही फुकट पाहता येतं. शेअर दिल्यापासून महिन्याभरात त्याची माहिती देणारा SH01 हा अर्ज भरावा लागतो आणि कुणाकडे किती शेअर आहेत ते पुढच्या वार्षिक निवेदनात दिसतं.

भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर थोडं शुल्क भरलं की कंपनीचे सार्वजनिक कागद पाहता येतात. इथली पडताळणी कशी होते ते सविस्तर सांगतो, कारण दप्तर उघडं असूनही वाचणारे बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडखळतात. ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नाव वेगळं असतं. पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत उत्पादक किंवा विक्रेता कंपनीचं पूर्ण नाव असतं, वेबसाइटच्या अटी-शर्तींच्या पानावरही ते सापडतं. त्यावरून कंपनीचा २१ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक, म्हणजे CIN, मिळतो आणि शोध त्या क्रमांकाने घ्यायचा. धंदा अजून एकट्या मालकाची प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारांची एलएलपी असेल तर द्यायला शेअरच नसतात. आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करावी लागते, त्यात महिने जातात.

पुढचा महत्त्वाचा कागद म्हणजे PAS-3, नव्याने दिलेल्या शेअरचं विवरणपत्र. प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे मोजक्या ठरावीक लोकांनाच, शेअर दिले की पंधरा दिवसांत ते भरावं लागतं. त्याला जोडलेल्या यादीत कुणाला किती शेअर दिले ते असतं. कंपनी कायद्याच्या कलम ४२ मध्ये एक चांगली तरतूद आहे: हे विवरणपत्र भरल्याशिवाय त्या गुंतवणुकीचे पैसे कंपनीला वापरताच येत नाहीत. म्हणून फाउंडर स्वतःच ते भरायची घाई करतो. डील क्लोज झाल्याचा यापेक्षा भक्कम पुरावा बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाही.

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा, शोमध्ये १० टक्क्यांसाठी ५० लाख ठरले. म्हणजे पैसे आल्यानंतरचं कंपनीचं मूल्य ५ कोटी झालं. दोन फाउंडरांकडे मिळून १०,००० शेअर आहेत. नव्या शेअरनंतर हे १०,००० म्हणजे ९० टक्के व्हायला हवेत, तेव्हा नवे शेअर साधारण १,१११ आणि एका शेअरचा भाव साधारण ४,५०० रुपये. दहा रुपये दर्शनी किंमत, बाकी प्रीमियम. PAS-3 मध्ये हेच आकडे दिसले तर टीव्हीवरची डील जशीच्या तशी झाली. पण समजा ५२६ शेअर सुमारे ४,७५० रुपयांनी दिलेले दिसले, तर गुणाकार २५ लाखांच्या आसपास येतो आणि हिस्सा पाच टक्के. डील झाली, पण निम्मी.

उरलेले २५ लाख कुठे गेले, याची तीन तरी उत्तरं असू शकतात. ते दुसऱ्या हप्त्यात येणार असतील, मग काही महिन्यांनी दुसरा PAS-3 दिसेल. त्यांचं कर्जात रूपांतर झालं असेल, मग ते ताळेबंदात कर्जाच्या रकान्यात येतील. व्यक्तीकडून कर्ज घ्यायला प्रायव्हेट कंपनीवर बरीच बंधनं आहेत, त्यामुळे असं कर्ज बहुधा गुंतवणूकदाराच्या कंपनीमार्फत येतं. किंवा ती रक्कम रद्दच झाली असेल. एका कागदावरून यातलं काहीच ठामपणे लिहिता येत नाही आणि घाईने ‘फसवणूक’ असा शब्द वापरणं तर अन्यायाचंच आहे.

नावांतही गफलत होते. यादीत पडद्यावरच्या गुंतवणूकदाराचं नाव नाही म्हणून डील मोडली असं समजणं चुकीचं आहे. पैसे त्याच्या कौटुंबिक ट्रस्टमधून, एलएलपीतून किंवा दुसऱ्या कंपनीतून आलेले असू शकतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक अनोळखी नावाचे भागीदार आणि संचालक कोण ते पाहावं लागतं. शेअरही साधे नसतात, बहुधा सक्तीने परिवर्तनीय प्रेफरन्स शेअर असतात. त्यांचं पुढे किती साध्या शेअरमध्ये रूपांतर होणार यावर खरा हिस्सा ठरतो, म्हणून नुसती शेअरची संख्या मोजून टक्केवारी काढली तर ती चुकते.

दोन प्रकारच्या डील मात्र PAS-3 मध्ये कधीच दिसत नाहीत. एक रॉयल्टीची. विकलेल्या प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम द्यायची असा तो करार दोघांतच राहतो, कळलाच तर हिशेबाच्या टिपांमधून. दुसरा प्रकार म्हणजे गुंतवणूकदाराने नवे शेअर न घेता फाउंडरकडचे किंवा जुन्या गुंतवणूकदाराकडचे विकत घेणं. त्यात कंपनीत पैसे येतच नाहीत, ते विकणाऱ्याच्या खिशात जातात. हस्तांतरणाचा अर्ज कंपनीकडे राहतो, सरकारकडे जात नाही. बदल दिसतो तो वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे MGT-7 किंवा छोट्या कंपनीसाठी MGT-7A मध्ये, आणि त्याला जोडलेली भागधारकांची यादी ३१ मार्चची असते. मे २०२२ मध्ये झालेलं असं हस्तांतरण मार्च २०२३ च्या यादीत येणार, त्या वर्षाची सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर झाली तर विवरणपत्र भरायची मुदत त्यानंतर साठ दिवस, म्हणजे नोव्हेंबरअखेर. मधल्या दीड वर्षात दप्तर कितीही वेळा चाळलं तरी त्या डीलची खूण दिसत नाही, आणि तेवढ्या काळात ‘डील झालीच नाही’ असं छापणारा चुकीचं छापत असतो.