दोघांची वही आणि विसरलेला मंगळवार

दोघांनी मिळून एक वही ठेवायची, वर्षभर तिच्यात लहानसहान चांगले क्षण टिपायचे आणि वर्ष सरताना ती एकत्र बसून वाचायची, ही पद्धत वरवर पाहता निव्वळ हौसेची वाटते. मात्र तिच्यामागे स्मृतीचा एक पक्का स्वभाव आहे. आपण भूतकाळ जसाच्या तसा साठवून ठेवत नाही, तर आज मनाची जी अवस्था असेल तिला जुळेल असा तो दर वेळी नव्याने रचतो. कॅथी मॅकफार्लंड आणि मायकेल रॉस यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रेमसंबंधात असलेल्या व्यक्तींना जोडीदाराविषयीचे मत नोंदवायला सांगितले आणि काही काळाने, पूर्वी आपण काय नोंदवले होते ते आठवायला सांगितले. दरम्यानच्या काळात ज्यांचे मत खालावले होते, त्यांना आपले जुने मतही प्रत्यक्षात होते त्याहून वाईट असल्याचे आठवले. “आपले कधी पटलेच नाही” हे वाक्य भांडणाच्या भरात किती सहज तोंडी येते, याचा उलगडा यातून थोडाफार होतो. त्याआधी १९८० मध्ये रॉबिन्सन आणि प्राइस यांना असे आढळले होते की, संसारात दुःखी असलेली जोडपी परस्परांच्या सुखद वागण्यापैकी जवळजवळ निम्मे टिपतच नाहीत. ते वागणे निरीक्षकांना दिसत होते, पण त्यांना स्वतःला दिसत नव्हते.

म्हणून नोंद त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी. ती मोठ्या प्रसंगांचीच असावी असे मात्र नाही. टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात जोडीदार असलेल्या व्यक्तींनी व्हॅलेंटाइन दिवसाचे आणि त्याच्या आगेमागेच्या एका साध्या दिवसाचे वर्णन लिहिले. ते पुन्हा वाचताना किती गंमत वाटेल, याचा अंदाजही त्यांनी नोंदवला. तीन महिन्यांनी वाचताना साध्या दिवसाच्या बाबतीत हा अंदाज अधिक चुकला, कारण तो दिवस त्यांना वाटले होते त्याहून बराच रंजक ठरला. विशेष दिवस तसाही लक्षात राहतो, साधा दिवस मात्र पुसला जातो, आणि म्हणूनच तो परत सापडल्याचा आनंद मोठा असतो.

आता प्रत्यक्ष ओळीकडे वळू. डच मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार यांनी सहा वर्षे स्वतःच्या आयुष्यातील सुमारे २,४०० घटना नोंदवल्या. प्रत्येक घटनेत काय घडले, कोण होते, कुठे आणि केव्हा, हे ते वेगवेगळे लिहीत, आणि नंतर एकेक दुवा पाहून बाकीचे आठवून बघत. “काय घडले” हा दुवा सर्वांत प्रभावी ठरला, तर नुसती तारीख जवळजवळ निरुपयोगी निघाली. हे लक्षात घेऊन पुढील दोन नोंदी पाहा. पहिली: “मंगळवार. आजचा दिवस छान गेला, तू खूप मदत केलीस.” दुसरी: “मंगळवार. दिवे गेले होते. मी अर्ज भरत होते आणि तू पाऊण तास टॉर्च धरून उभा होतास. हात दुखला की हात बदलायचास, पण अक्षरावरचा उजेड हलू द्यायचा नाहीस.” लिहिताना दोन्ही सारख्याच खऱ्या वाटतात. पण दहा महिन्यांनी पहिलीतून काहीच हाती लागत नाही, कारण “छान” हा निष्कर्ष आहे, घटना नव्हे. दुसरीत टॉर्च आहे, बदललेला हात आहे, आणि त्या धाग्याला धरून तो अर्ज कशाचा होता, तेव्हा आपण कशाच्या काळजीत होतो, हेही वर येऊ लागते. माझ्या मते दोन-तीन वाक्ये पुरेत, पण त्यात जोडीदाराने केलेली एक तरी दिसणारी कृती हवी.

वागेनार यांच्या अभ्यासातील एक भाग या वहीला थेट लागू पडतो. काही घटना त्यांना सगळे दुवे पाहूनही आठवत नव्हत्या. अशा दहा घटनांच्या वेळी हजर असलेल्या व्यक्तींना त्यांनी गाठले. त्या व्यक्तींनी आणखी तपशील सांगताच दहाही घटना वागेनार यांना आठवल्या. एकत्र वाचनाचे मोल इथे आहे, कारण एकाचा हरवलेला दुवा दुसऱ्याजवळ असू शकतो. मात्र एक काळजी घ्यावी लागते. लोक एकत्र बसून आठवू लागले की एकाच्या सांगण्याने दुसऱ्याचा आठवण्याचा क्रम मोडतो आणि प्रत्येकाने वेगवेगळे आठवून जेवढे मिळून जमले असते त्याहून एकूण कमीच आठवते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. त्यामुळे ओळ मोठ्याने वाचल्यावर अर्धा मिनिट दोघांनी गप्प राहावे, प्रथम न लिहिणाऱ्याने बोलावे आणि मगच लिहिणाऱ्याने.

नोंद रोज करण्याचा आग्रह नको. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आयुष्यातील चांगल्या गोष्टी आठवड्यातून एकदा मोजणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा मोजणाऱ्यांचे वाढले नाही. सलग तीन-चार नोंदींत तेच शब्द येऊ लागले, तर हात सवयीने चालतो आहे असे समजून थोडे थांबावे. सारी अक्षरे एकाचीच दिसू लागली, तर त्याविषयी वर्षअखेरची वाट न पाहता तेव्हाच बोलावे. आणि वही मुद्दाम चांगलेच निवडते, म्हणून वादात “हे बघ, लिहिले आहे” असे म्हणत ती पुरावा म्हणून पुढे करू नये. तसे एकदा झाले की पुढची ओळ लिहिताना प्रत्येकजण ती कशी वापरली जाईल याचा विचार करू लागतो, आणि टॉर्च धरलेला हात वहीत यायचा थांबतो.