फुटलेलं पार्सल आणि रिफंडची मागणी: विक्रेत्याला ईमेल कसा लिहावा, सोबत काय जोडावं

नाशिकरोडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, पॅन, पासपोर्टची अपॉइंटमेंट ही रोजची कामं. हल्ली त्यात एक नवीन काम आलंय: ऑनलाइन मागवलेली वस्तू फुटून आली, मेल लिहून द्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जेलरोडच्या एक काकू आल्या. लोणच्यासाठी मागवलेल्या सहा काचेच्या बरण्यांच्या संचातल्या दोन फुटून आल्या होत्या. पार्सल 3 मार्चला आलं आणि मुलाने त्याच रात्री मेलही केला. त्यात लिहिलं होतं, ‘आम्हाला अत्यंत मनस्ताप झाला आहे, तरी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती.’ दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या खरेदीवर 150 रुपयांचं कूपन देत आहोत.’ काकू चिडल्या होत्या. पण खरं सांगायचं तर विक्रेत्याने विनंती मान्यच केली होती. योग्य कार्यवाही कोणती ते त्याच्यावर सोडलं, त्याने त्याला परवडेल ती केली. तहसील कार्यालयातल्या अर्जात हे वाक्य चालून जातं, कारण तिथे पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. विक्रेत्याला रुपयांतला आकडा लागतो.

तक्रार कोण करू शकतं

वस्तू स्वतःच्या वापरासाठी पैसे देऊन घेतली असेल तर तुम्ही ग्राहक. ऑर्डर मुलाच्या खात्यावरून आणि वापरणारी आई असली तरी हरकत नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकच ठरतो. फक्त मेल ऑर्डरवर नोंदवलेल्या ईमेलवरूनच करा, म्हणजे ‘हे खातं तुमचं नाही’ म्हणून आठवडा वाया जात नाही. दुकानात पुन्हा विकायला माल घेतला असेल तर मात्र या कायद्याचा आधार मिळत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूंचंही तसंच, फक्त स्वयंरोजगारावर पोट असणाऱ्याने स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूला सूट आहे.

माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. हे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. तरीही अ‍ॅपमध्ये ऑर्डरखाली परताव्याची शेवटची तारीख दिसते, तिच्या आत अ‍ॅपमधून रिटर्नची विनंती टाकाच. कुरिअरचा पिकअप बहुधा त्या विनंतीवरूनच निघतो, आणि मिळणारा तक्रार क्रमांक मेलमध्ये टाकता येतो. काकूंची मुदत 10 मार्चला संपत होती. 6 तारखेला दुकानात बसल्याबसल्या आधी तेच केलं.

फोटो आणि कागद

कागद थोडेच लागतात: बिलाची पीडीएफ, पैसे दिल्याचा पुरावा आणि फोटो. काकूंनी पैसे पार्सल घेताना दिले होते, म्हणून डिलिव्हरीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडला. बहुतेकांचं अडतं ते फोटोंपाशी.

काकूंनी फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. बरणी फुटलेली स्पष्ट दिसत होती, पण खोक्यावरच्या लेबलमधला एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे कुरिअरचा पार्सल क्रमांक, पार पुसट झाला होता. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ राहतो. तो नंबर वाचता आला नाही तर फोटोत फक्त एक फुटकी बरणी उरते, आणि ती कोणाच्याही घरातली असू शकते.

सुदैवाने खोकं टाकलं नव्हतं. काकूंनी घरी जाऊन गॅलरीत उजेडात पाच फोटो नव्याने काढले. पहिला लेबलचा; त्यावरचं प्लास्टिक चकाकतं, म्हणून मोबाइल जरा तिरका धरला. दुसरा अख्ख्या खोक्याचा, दबलेला कोपरा आणि लेबल एकाच चौकटीत येईल असा. तिसरा वरून, आतलं पॅकिंग दाखवणारा. हा बहुतेक जण काढत नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका. बरण्यांच्या झाकणांवर बबल रॅपचा एकच थर होता, दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठा नव्हताच, काचेवर काच टेकलेली. तुमच्या हातून पडली असं म्हणायला मग जागा राहत नाही. चौथा फुटलेल्या दोन बरण्यांचा, पाचवा सहाही बरण्या ओळीने मांडून.

फोटो कापून, उजळवून किंवा त्यावर लाल गोल काढून पाठवू नका. तसा फोटो पाहिला की शंका येते. गोल काढायचाच असेल तर मूळ फोटोसोबत वेगळी प्रत द्या. फाइलला नाव द्या, `1-label.jpg`, `2-box.jpg` असं, म्हणजे मेलमध्ये ‘फोटो 3 पाहा’ म्हणता येतं. ड्राइव्हची लिंक देण्यापेक्षा फोटो थेट जोडा. लिंकची परवानगी उघडायची राहून गेली की समोरच्याला काहीच दिसत नाही, आणि तो तसं कळवेलच असं नाही. जीमेलवर एकूण 25 एमबीपर्यंत जोडता येतं, पाच फोटोंना ते भरपूर झालं.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तमच. पण तो नाही म्हणून तक्रार सोडायचं कारण नाही.

रिफंडचा आकडा

इथे काकूंशी थोडी घासाघीस झाली. चार बरण्या चांगल्या होत्या. ‘दोनचेच पैसे मागू, नाहीतर बदलून देऊ देत, काही का होईना,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, मेलमध्ये ‘किंवा’ आलं की निवड त्यांच्या हातात जाते. दोनपैकी त्यांना जे स्वस्त पडेल तेच ते देणार. आधी आपण ठरवू, मग एकच लिहू.

हिशोब मांडला. संच 1,749 रुपयांचा, डिलिव्हरी 70, घरी पैसे देण्याचा आकार 30. एकूण दिले 1,849. फक्त दोन बरण्यांचे मागायचे तर 1,749 च्या सहाव्या भागाची दुप्पट, म्हणजे 583 रुपये, आणि चार बरण्या घरात. यातही चूक काही नव्हती. पण काकूंना एकसारख्या सहा हव्या होत्या आणि तसल्या सुट्या मिळत नव्हत्या. त्यामुळे संच परत आणि पूर्ण 1,849 परत, असं ठरलं. कूपन किंवा वॉलेटचे पॉइंट वापरले असतील तर खिशातून गेलेले पैसे आणि पॉइंट वेगवेगळे लिहा, नाहीतर सगळंच वॉलेटमध्ये जमा होतं.

मेल कस्टमर केअरला आणि प्रतीला ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. बहुधा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतं. ऑर्डरच्या मेललाच उत्तर देऊ नका, तो पत्ता पुष्कळदा `noreply` असतो. पाठवलेला मेल असा होता:

> विषय: ऑर्डर OD-20417, फुटलेला माल, 1,849 रुपये परत मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> वरील ऑर्डरमधील सहा काचेच्या बरण्यांचा संच 3 मार्च रोजी नाशिकरोड येथे मिळाला. त्यातील दोन बरण्या फुटलेल्या होत्या. खोक्याचा कोपरा दबलेला आहे (फोटो 2) आणि बरण्यांमध्ये पुठ्ठा नव्हता (फोटो 3). पार्सल क्रमांक फोटो 1 मध्ये दिसतो. अ‍ॅपवरील तक्रार क्रमांक 6 मार्चच्या स्क्रीनशॉटमध्ये आहे.
>
> मला बदली माल नको आणि 5 मार्चला देऊ केलेले कूपनही मान्य नाही. मला 1,849 रुपये (संच 1,749, डिलिव्हरी 70, रोख आकार 30) माझ्या बँक खात्यात 16 मार्चपर्यंत परत हवेत. खात्याचा तपशील अ‍ॅपमधील रिफंड विभागात भरला आहे.
>
> सहाही बरण्या आणि खोके जपून ठेवले आहे. पिकअप सकाळी 10 ते 1 या वेळेत पाठवावा.
>
> सोबत: बिल, डिलिव्हरीच्या मेसेजचा आणि अ‍ॅपवरील तक्रारीचा स्क्रीनशॉट, फोटो 1 ते 5.

मनस्ताप, विश्वासघात, ‘तुमच्यासारख्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती’ हे सगळं काढून टाकलं. काकूंना ते थोडं कोरडं वाटलं. कूपन नाकारल्याचं वाक्य मात्र मुद्दाम ठेवलं, कारण ते न वापरता गप्प राहिलं तरी तडजोड झाली असं नंतर सांगितलं जातं.

खात्याचा तपशील मेलमध्ये न लिहिण्याचंही कारण आहे. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन लावणारे लोक फसतात. रिफंड देण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन मागितला किंवा मोबाइलची स्क्रीन शेअर करायला सांगितली तर तो विक्रेता नव्हे. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

मेल गेल्यानंतर

तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, अशी नियमाची मुदत आहे. पोच आली नाही तर नवा मेल न करता त्याच मेलखाली पुन्हा लिहा, म्हणजे तारखा एका ठिकाणी राहतात.

काकूंना पोच दुसऱ्याच दिवशी आली आणि 10 मार्चला पिकअपचा मुलगा दारात आला. फुटकी काच बघून तो म्हणाला, डॅमेज घ्यायची ऑर्डर नाही. असं झालं की त्याच्याशी वाद घालू नये, तो अ‍ॅपमध्ये दिसेल तेवढंच करतो. काकूंनी मला फोन केला, आम्ही त्याच मेलखाली वेळ टाकून लिहिलं की पिकअप आला होता आणि नाकारला. संध्याकाळी दुसरा माणूस येऊन खोकं घेऊन गेला. त्याच्याकडून पिकअपचा मेसेज येईपर्यंत खोकं हातातून सोडू नका.

महिना उलटूनही काही झालं नसतं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन होती. `consumerhelpline.gov.in` वरही हाच मेल आणि हेच फोटो चढवता येतात. हेल्पलाइन कंपनीशी बोलून तोडगा काढते, निकाल देत नाही. निकाल हवा तर जिल्हा ग्राहक आयोग, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून. कंपनी बेंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रारदार नाशिकला राहतो म्हणून तक्रार नाशिकच्या आयोगातच करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं.

तिथवर जावं लागलं नाही. 14 मार्चला खात्यात पैसे आले, पण 1,819. रोख आकाराचे 30 कापले होते. ‘जाऊ दे रे, तीस रुपयांसाठी काय भांडायचं,’ काकू म्हणाल्या. भांडायचं नव्हतंच, हिशोब पहिल्या मेलमध्ये फोड करून लिहिलेला होता. त्याखाली एक ओळ टाकली: 1,849 पैकी 1,819 मिळाले, रोख आकाराचे 30 बाकी आहेत, यूटीआर नंबरसह, म्हणजे बँकेच्या व्यवहार क्रमांकासह, कळवावे. तीन दिवसांनी तेही आले.