बुंदीचा लाडू आणि मोतीचूर: एकाला पाक बांधतो, दुसऱ्याला ओलावा

मोतीचूर म्हणजे बारीक बुंदीचा लाडू, असं सरसकट समजलं जातं. दाण्याचा फरक खरा आहे, पण तेवढ्यावर थांबलं की घरी मोतीचूर करताना हमखास फसगत होते. बारीक भोकांचा झारा आणून बाकी सगळं नेहमीच्या बुंदीसारखं केलं, तर लाडू कडक होतो आणि खाताना तोंडात चुरा होतो. दोन लाडू वळले जातात तेच मुळी दोन वेगळ्या कारणांनी. बुंदीच्या लाडवात कळी आपली आपण शाबूत राहते आणि तिच्याभोवतीचा एकतारी पाक थिजून शेजारच्या कळीला धरतो. मोतीचुरात पाकाला तार नसतेच. कळी पातळ पाक पिऊन इतकी मऊ होते की दाणे एकमेकांत दबूनच बांधले जातात. पिठापासून तळणीपर्यंतचे सगळे फरक या एका गोष्टीतून येतात.

पाव किलो डाळीचं पीठ धरू. दोन्हींसाठी बारीक दळलेलं आणि चाळलेलंच घ्यावं, कारण एक गुठळी झाऱ्याची चार भोकं बंद करते. बुंदीच्या लाडवाला या पिठात साधारण पावणेतीनशे मिली पाणी लागतं. पीठ जुनं की नवं यावर थोडं कमीजास्त होतं, म्हणून शेवटचं पाणी चमच्याचमच्यानेच घालावं. पळीतून पीठ परत पातेल्यात सोडलं की सलग धार पडावी आणि तिची खूण क्षणभर दिसून मिटावी. मोतीचुराला पाणी साडेतीनशे मिलीच्या आसपास जातं आणि ती खूण दिसतच नाही, कारण दीड-दोन मिलिमीटरच्या भोकांतून घट्ट पीठ उतरत नाही.

तरीही खरी परीक्षा तेलातच होते. तेल तापलं की झारा न घेता बोटाने पिठाचा एक थेंब सोडावा. तो तळाशी जाऊन लगेच वर आला आणि गोल राहिला, तर पीठ आणि आच दोन्ही जमलं. थेंबाला शेपटी आली तर पीठ घट्ट आहे, चमचाभर पाणी घालून फेटावं. तेलावर चपटा पसरला तर पातळ झालं आहे, चमचाभर कोरडं पीठ मिसळावं. थेंब तळाशीच रेंगाळला तर दोष पिठाचा नाही, तेल अजून तापलेलं नाही.

झारा तेलाच्या वर वीतभरापेक्षा थोड्या कमी उंचीवर, आडवा आणि स्थिर धरावा. फार उंचावरून पडलेला थेंब आपटून चपटा होतो. फार जवळ धरला तर तेलाची वाफ लागून भोकांतलंच पीठ शिजतं आणि कळ्या लांबुळक्या पडू लागतात. बुंदीच्या झाऱ्याला चार-पाच मिलिमीटरची भोकं असतात. त्यावर पळीभर पीठ ओतलं की ते आपल्या वजनाने उतरतं. हलका ठोका दिला तर चालतो, पण पळीने घासून पीठ खाली दाबू नये, तिथेच शेपट्या तयार होतात. मोतीचुराचं पीठ मात्र बारीक भोकांत अडतं, म्हणून झाऱ्याची दांडी कढईच्या काठावर एकसारख्या तालात ठोकत राहावी लागते. कढईचा पृष्ठभाग एका थराने भरला की थांबायचं. जास्तीचं पीठ पडलं तर कळ्या एकमेकींवर बसून गोळे होतात. आणि प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसायची. पहिला घाणा गोल आणि तिसरा वाकडातिकडा निघतो तेव्हा बहुतेक वेळा हे पुसणंच राहून गेलेलं असतं.

आता तळण, कारण दोन लाडवांच्या वाटा इथे कायमच्या फुटतात. बुंदीच्या लाडवाची कळी तेलाची फेस-बुडबुड कमी होईपर्यंत, म्हणजे मिनिटभर, तळायची. बाहेरून ती हलकी खुसखुशीत हवी, पण रंग पिवळाच राहावा. तांबूस झाली तर पाक आत शिरत नाही. एवढा पापुद्रा असला की पाकात पडूनही कळी मोडत नाही. मोतीचुराचा दाणा वीसेक सेकंदांत, कुरकुरीत होण्याआधीच काढायचा. बोटांत धरून दाबला तर तो चेपला पाहिजे. फुटला तर जास्त तळला गेला आहे.

बुंदीच्या लाडवासाठी पिठाच्या दीडपट साखर लागते: पाव किलोला पावणेचारशे ग्रॅम आणि तिच्या निम्मं पाणी. एक उकळी आल्यावर पाकाजवळून हलू नये. थेंब बशीत घेऊन किंचित निवू द्यावा, मग अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटं सावकाश दूर न्यावीत. एक तार निघून लगेच तुटली तर पाक अजून कच्चा आहे. ती सेंटिमीटरभर न तुटता ताणली गेली की लगेच गॅस बंद. त्यात वेलदोड्याची पूड आणि लिंबाचे चार-पाच थेंब टाकावेत. लिंबाने थोडी साखर फुटते आणि पाक भराभर दाणेदार होत नाही, पण लिंबू सढळ पडलं तर तो थिजतच नाही. गरम पाकात कळ्या घालून हलक्या हाताने ढवळावं आणि झाकून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यावं. मग बेदाणे, काजू घालून कोमट असतानाच, तळवा किंचित ओला करून लाडू वळावेत. एवढ्यात लिंबाएवढे वीसएक लाडू होतात. तिरुपतीच्या ज्या लाडवाला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तोही बुंदीचाच.

मोतीचुराला तीनशे ग्रॅम साखर आणि दोनशे मिली पाणी घ्यावं. बोटांना चिकट लागला, पण तार येत नाही, असा पाक असतानाच दाणे घालावेत. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळून, झाकून अर्धा तास तसंच ठेवावं. दाणे फुगतात आणि पातेल्यात मोकळा पाक दिसेनासा होतो. वर चमचाभर तूप आणि मगज बी घालावी. पाटण्याजवळचं मनेर ज्या लाडवासाठी नावाजलं जातं, तो याच मऊ, तुपाळ जातीचा आहे.

बिघडलं की खूण बघून उपाय करता येतो. बुंदीचा लाडू वळून ठेवल्यावर हळूहळू बसू लागला तर पाक कच्चा राहिला. कळ्या चाळणीत निथळून निघेल तेवढा पाक पुन्हा उकळावा, तार आली की परत ओतावा. कळ्यांवर पांढरी साखर दिसू लागली आणि लाडू वळताना फुटू लागला तर पाक पुढे गेला आहे. दोन चमचे गरम पाणी शिंपडून, पातेलं झाकून मंद आचेवर मिनिटभर ठेवलं की मिश्रण परत सैल होतं, आणि तेव्हा घाई करून वळून घ्यावं. मोतीचुरात दाणे जास्त तळले गेले असतील तर कितीही पाणी घातलं तरी हवा तो मऊपणा येत नाही. अशा वेळी राहिलेला पाक सरळ एकतारीवर आणावा आणि त्यांचे बारीक बुंदीचे लाडू वळावेत. ते आठवडाभर बाहेर टिकतात. ओलसर मोतीचूर मात्र दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो.